देवराईच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर: वनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: ‘देवराया व इतर पारंपरिक संवर्धन पद्धती: पर्यावरणीय मूल्य आणि मर्यादा’ या प्रश्नाचं उत्तर.

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

वनसेवेच्या आणि राज्यसेवेच्या परीक्षांसाठी मुलांना पर्यावरण हा विषय मी शिकवतो. वर विषय म्हणून दिलाय तो प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी सरावाला असतो. मुलं ‘मूल्य’ या भागावर दीड पान भरतात आणि ‘मर्यादा’ एका वाक्यात उरकतात: “वाढते शहरीकरण व श्रद्धेचा ऱ्हास यांमुळे देवराया धोक्यात आहेत.” या वाक्याला मी गुण देत नाही. कोकणातल्या पाच-सहा राया पाहून आलेला माणूस असं लिहिणारच नाही, कारण तिथे श्रद्धेला काही झालेलं नाही. देवळं वाढतायत, जत्रा मोठ्या होतायत. कमी होतंय ते रान.

याच मुलांतली काही उद्या आपल्या खात्यात वनक्षेत्रपाल होतील आणि आपलं खातं देवरायांसाठी योजना आखतं तेव्हाही मला तीच अर्धी उत्तरपत्रिका दिसते. म्हणून पूर्ण उत्तर आपल्याच नावे पाठवतोय.

उत्तर व्याख्येपासून सुरू करावं लागतं आणि पहिला गोंधळ तिथेच होतो. देवराई म्हणजे देवळाभोवतीची झाडी नव्हे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आणि त्या रानाला लागू असलेले गावाचे निर्बंध. कुऱ्हाड लावायची नाही, काही ठिकाणी वाळकं लाकूडही न्यायचं नाही, शिकार करायची नाही. गावाला अगदीच गरज पडली, तर गुरवाने देवाला कौल लावायचा. मूर्तीच्या अंगावर ओले तांदूळ किंवा फुलाच्या कळ्या लावतात आणि उजवीकडचं पडलं तरच झाड तोडायचं. देव बऱ्याच ठिकाणी उघड्यावर असायचा, नुसता शेंदूर फासलेला पाषाण. म्हणजे निर्बंध होता तो रानावर, इमारतीवर नव्हे. पुढचं सगळं उत्तर या एका मुद्द्यावर उभं आहे.

डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांची शास्त्रीय पाहणी केली, तेव्हापासून अभ्यासक याकडे गांभीर्याने बघू लागले. देशात आजवर तेरा हजारांहून अधिक देवरायांची नोंद झालेली आहे आणि खरा आकडा लाखाच्या घरात असावा असा जाणकारांचा अंदाज आहे. आकडेवारी इथेच थांबवतो. एकच राई नीट पाहिली की जे कळतं ते आकड्यांच्या तक्त्यातून कळत नाही.

ती राई सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे गावची. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साधारण साडेसहा एकर. सखल जागेतून ओहोळ वाहतो आणि जमीन जवळपास वर्षभर पाण्याने फुगलेली असते. अशा चिखलात हवा नसते, त्यामुळे साध्या झाडाची मुळं गुदमरून कुजतात. इथे वाढतात ती मायरिस्टिका कुळातली, म्हणजे जायफळाच्या भाऊबंदांतली झाडं. त्यांची मुळं चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा खाली शिरतात. वर आलेल्या भागावर बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून झाड मुळांपर्यंत हवा पोचवतं. आत शिरलं की जमीन अशी दिसतच नाही. मुळांचे वेटोळे, त्यांच्यामध्ये पाणी, आणि पाऊल टाकायचं ते वेटोळ्यांच्या मधल्या फटीत.

अशी गोड्या पाण्याची दलदलीची जंगलं मुख्यतः केरळ आणि कर्नाटकात उरलेली आहेत, गोव्यात थोडी. सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राई हे गोव्यातलं प्रसिद्ध उदाहरण, आणि तीही देवराईच. सखल, पाण्याची, कसदार जमीन माणसाने आधी भातासाठी आणि मग सुपारीसाठी घेतली, त्यामुळे हे जंगल बहुतेक ठिकाणी संपलं. जिथे देव आडवा आला तिथे राहिलं. बांबर्ड्याच्या राईला राज्य शासनाने २०२०-२१ च्या सुमारास जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. याचं श्रेय शासनाला द्यायलाच हवं.

आता ‘पर्यावरणीय मूल्य’ म्हणजे काय ते या राईवरून सांगता येतं. या झाडांचं बी मोठं, जड, लाल सालपटात गुंडाळलेलं. धनेश आणि मोठी रानकबुतरं ते सालपटासाठी गिळतात आणि दूर नेऊन टाकतात. बी ओलं असेपर्यंतच जिवंत राहतं, वाळलं की मेलं. म्हणजे भाताच्या बियाण्यासारखं डबीत भरून, शीतगृहात ठेवून पन्नास वर्षांनी पेरू, असा पर्याय इथे नाही. हे जंगल जिथे आहे तिथेच राखलं तर राहतं. देवराईचं खरं मूल्य हे आहे. किती टन कार्बन धरला, किती ऑक्सिजन सोडला, हे मुलं हौसेने लिहितात, पण साडेसहा एकरांचा हिशेब त्या मापाने मांडला तर देवराई किरकोळ ठरते. ती मोलाची आहे कारण आजूबाजूचं सगळं बदललं तरी जे पुन्हा तयार करता येत नाही असं काहीतरी तिच्यात उरलेलं असतं.

ओघात एक सांगतो. “देवराईमुळे झरे बारमाही वाहतात” हे वाक्य प्रत्येक उत्तरपत्रिकेत असतं आणि बहुधा आपल्या भाषणांतही असेल. रानाची भुसभुशीत, पालापाचोळ्याची माती पाणी मुरवते, हे खरं आहे. पण बऱ्याच ठिकाणी झरा आधी होता, म्हणून तिथे देव मानला गेला आणि म्हणून रान राखलं गेलं. एकरभर रान अख्ख्या गावाचा भूजलसाठा भरू शकत नाही. झऱ्याचं पाणी मुरतं ते वरच्या सगळ्या डोंगरउतारावर, आणि तो उतार देवाच्या हद्दीत नसतो.

इथून मर्यादा सुरू होतात. पहिली मर्यादा आकाराची. रानाच्या कडेला ऊन आणि वारा आत घुसतात, माती वाळते, उजेड मागणारी झुडपं माजतात. कडेपासून किती आतपर्यंत हा परिणाम पोचतो ते जागेवर अवलंबून असतं. गणितापुरतं ५० मीटर धरू. २.५९ हेक्टरची राई नेमकी चौकोनी असती, तर तिची एक बाजू सुमारे १६१ मीटर झाली असती. दोन्हीकडून ५० मीटर वजा केले की आत ६१ मीटरचा चौकोन उरतो, म्हणजे जेमतेम ०.३७ हेक्टर. एकूण क्षेत्राच्या साधारण सातवा हिस्सा. बाकी सगळी कडाच. कडेचा परिणाम २५ मीटरच धरला, तरी खरं आतलं रान निम्म्याहून थोडं कमीच भरतं. आणि ओहोळाकाठच्या राया चौकोनी नसतात, त्या लांबट पट्ट्यासारख्या असतात. पट्टी ५० मीटर रुंद असेल आणि कडा २५ मीटर आत येत असेल, तर आतलं रान शून्य. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच दिसतं, नकाशावर हिरवा ठिपका तसाच राहतो, आणि ओल्या सावलीत जगणारी झाडं मात्र हळूहळू बाद होत जातात.

म्हणून राईचं भवितव्य तिच्या शेजारी काय आहे यावर बरंचसं ठरतं. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये देवराया कॉफीच्या मळ्यांत विखुरलेल्या आहेत, आणि जिथे कॉफी देशी झाडांच्या सावलीत घेतली जाते तिथे पक्ष्यांना एका राईतून दुसऱ्या राईत जायला वाट राहते. दोडामार्ग भागात राईभोवतीचं मिश्र रान जाऊन रबर, काजू, अननस आले. रबराच्या एकसुरी लागवडीत धनेशाला खायला फळ नाही आणि घरट्याला ढोली नाही. धनेश यायचा थांबला की राईतलं बी आईच्या झाडाखालीच पडून राहतं.

दलदलीच्या राईला तर याहून साधा धोका आहे. राईच्या वरच्या अंगाला कोणी आपल्या स्वतःच्या बागायतीसाठी चर खणून ओहोळ वळवला, तर एकाही झाडाला कुऱ्हाड लागत नाही, निर्बंध मोडत नाही, देव कोपत नाही. झाडं पुढे काही वर्षं उभी असतात. चिखल मात्र सुकलेला असतो आणि नवं रोप रुजत नाही. कौल झाड तोडण्यासाठी लावतात, दुसऱ्याच्या शेतातला चर बुजवण्यासाठी नाही.

मरत चाललेली राई ओळखायची कशी, हे मी मुलांना वर बघू नका, खाली बघा असं सांगून शिकवतो. वरचा डेरेदार बेहडा पाहून सगळेच भारावतात. त्याच्याखाली त्याच जातीची गुडघ्याएवढी, कमरेएवढी आणि मनगटाएवढ्या खोडाची रोपं आहेत का, ते मोजायचं. म्हातारे भरपूर, इवली रोपं थोडी आणि मधली पिढीच नाही, असं दिसलं तर ती राई म्हणजे वृद्धाश्रम आहे. कारणं बहुतेक जमिनीवरच सापडतात. गुरं चरतात. राबासाठी किंवा खतासाठी पाला गोळा केला जातो. कडेने रानमोडी आणि घाणेरी ही तणं आत सरकलेली असतात. आणि अलीकडचं कारण म्हणजे ‘स्वच्छता’. उत्साही मंडळी देवळाभोवतीची झुडपं छाटतात, पाला झाडून काढतात, झाडांना गेरू-चुना लावतात. फोटो छान येतो. रोपवाटिका गेलेली असते.

इथेच माझी तक्रार आपल्या सरकारच्या दाराशी येते. निर्बंध रानावर होता असं वर लिहिलं. गेल्या काही दशकांत श्रद्धेचा मुक्काम रानातून इमारतीत हलला. उघड्यावरच्या पाषाणावर आधी छप्पर आलं, मग सिमेंटचं देऊळ, मग सभामंडप, मग फरशी, मग मंडपापर्यंत गाडी जाईल असा रस्ता. जीर्णोद्धाराला पैसा हवा म्हणून राईतलीच जुनी झाडं विकल्याच्या गोष्टी कोकणात कोणालाही विचारा, ऐकायला मिळतील. कौलही रीतसर लागलेला असतो, कारण देवाच्याच घरासाठी देवाचं झाड, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. श्रद्धा शाबूत राहून राई जाते ती अशी. आणि या बांधकामाला बऱ्याचदा शासनाचाच निधी असतो, आमदार-खासदारांचा किंवा तीर्थक्षेत्र विकासाचा. म्हणजे एक खातं जे वारसा म्हणून घोषित करतं, त्यावरच दुसऱ्या खात्याच्या पैशातून फरशी बसते.

‘इतर पारंपरिक पद्धती’ या उपप्रश्नाला झाडं-प्राणी राखणारे बिश्नोई, राजस्थानातली देवाच्या नावाने राखलेली रानं म्हणजे ओरण, नारळी पौर्णिमेपर्यंतची मासेमारीबंदी अशी यादी अपेक्षित असते. मी एकच देतो, देवाच्या डोहाची. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे राखले जातात, ते माणसाच्या पायाशी येतात आणि त्यांना कोणी पकडत नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाशी सापडलेली माशाची नवी जात २०२० मध्ये जगासमोर आली आणि त्या जागेचे २.११ हेक्टर वारसा स्थळ झाले. डोहाची मर्यादाही राईसारखीच. डोहात मासा सुरक्षित असतो, पण पावसात अंडी घालायला प्रवाहात वर चढणारी जात डोहाबाहेर पडते तेव्हा तिला ना देव राखतो ना कायदा. वर बंधारा झाला, किंवा कोणी पाण्यात सुरुंग फोडला, तर डोहातले मोठे मासे माणसाच्या पायाशी येत राहतात आणि पुढची पिढी येत नाही.

आणखी एक मर्यादा मुलं लिहायला कचरतात. गावाचे निर्बंध म्हणजे गावातल्या मानकऱ्यांचे निर्बंध. अनेक रायांत बायकांना आत प्रवेश नाही. कौल कोणी लावायचा आणि निर्णयाला कोणी बसायचं, हे जातीने आणि मानाने ठरतं. जळणासाठी रोज रानात जाणारी बाई आणि निर्णय घेणारा मानकरी ही दोन वेगळी माणसं. शासनाने ‘पारंपरिक व्यवस्थापनाला मान्यता’ असा शिक्का मारला, तर याही गोष्टीवर शिक्का बसतो. त्याउलट खात्याने राई ताब्यात घेऊन तारेचं कुंपण घातलं, तर गावाला वाटतं की आता ती वनखात्याची जबाबदारी, आणि राखणारे डोळे निघून जातात. दोन्ही चुका देशात होऊन गेलेल्या आहेत.

आता कायद्याचा भाग, तो परीक्षेत थोडक्यात लिहितात. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानला आपल्या ओरण आणि देववनांचं जागेवर जाऊन सर्वेक्षण करण्याचे, त्यांचे नकाशे करण्याचे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३६-ग खाली त्यांना सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित करण्याचे निर्देश दिले. देशभरच्या देववनांसाठी केंद्राने धोरण करावं, असंही सुचवलं. निकाल राजस्थानचा आहे, महाराष्ट्राला वाट बघायचं कारण नाही. घाईचं कारण मात्र आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर वन संवर्धन कायद्याचा भर सरकारी नोंदीत ‘वन’ म्हणून आलेल्या जमिनीवर गेला आहे, आणि आपल्या कित्येक राया खासगी, सामायिक किंवा देवस्थानच्या नावाने नोंदलेल्या आहेत. झाडं आहेत, कागदावर वन नाही.

उत्तर संपलं. त्यातून निघणारी तीन कामं आता विनंती म्हणून मांडतो.

पहिलं काम नोंदीचं. महसूल खात्याला सोबत घेऊन प्रत्येक राईची हद्द ग्रामसभेसमोर चालत जाऊन ठरवावी आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात तशी नोंद घ्यावी. उपग्रहाच्या चित्रावरून हे होणार नाही. चित्रात काजूची जुनी बाग आणि राई सारखीच हिरवी दिसते.

दुसरं काम पैशाचं, आणि तीनांत माझ्या मते हेच सर्वांत मोठं. राईच्या हद्दीत नवं बांधकाम, फरसबंदी, रस्ता यांना शासनाचा कोणताही निधी मिळणार नाही, असा एका पानाचा शासन निर्णय काढावा. सभामंडप हवा असेल तर हद्दीबाहेर बांधावा, आणि तसा बांधणाऱ्या गावाला प्राधान्याने निधी द्यावा. भाविक दुखावतील असं आपल्याला कोणी सांगेल. मूळ दैवत उघड्यावरच होतं, हे गावातली म्हातारी माणसंच सांगतील.

तिसरं, सामुदायिक राखीव क्षेत्र करताना समितीची रचना. कलम ३६-घ प्रमाणे ग्रामपंचायतीचे किमान पाच प्रतिनिधी आणि वनखात्याचा एक, एवढंच बंधन आहे. जैवविविधता व्यवस्थापन समित्यांसाठी २००४ च्या नियमांनी एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या होत्या. तीच अट राज्याने इथे लावावी. आणि या समितीला राईपुरतंच बघायला लावू नये. राईच्या वरच्या अंगाचा ओहोळ आणि लगतचे शेतकरी तिच्या आराखड्यात असावेत. जो शेतकरी राईला लागून शंभरेक मीटरच्या पट्ट्यात बेहडा, जांभूळ, वड, उंबर ठेवेल आणि ओहोळ वळवणार नाही, त्याला त्याचा वार्षिक मोबदला मिळावा. वनीकरणाच्या पैशातून माळावर रोपं लावून तिला ‘नवी देवराई’ म्हणण्यापेक्षा तो पैसा इथे जास्त उपयोगी पडेल.

बांबर्ड्यापासूनच सुरुवात करता येईल. ती राई घोषित झालेली आहेच. पुढच्या मे महिन्यात, ओहोळाला सगळ्यांत कमी पाणी असतं तेव्हा, आपल्या अधिकाऱ्यांना राईच्या वरच्या अंगाला पाठवून पाणी कुठून येतं आणि वाटेत कोणी कुठे वळवलं आहे, एवढं नकाशावर मांडायला सांगावं. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि एक प्रत माझ्या वर्गासाठी मिळाली तर आभारी राहीन.

आपला नम्र,
स्पर्धा परीक्षांसाठी पर्यावरण शिकवणारा एक शिक्षक